धागा: आज लिस्टेड असलेल्या कॉइनवरच बॅकटेस्ट केली तर बंद पडलेले कॉइन कुठे जातात?

वारणाकाठ (सांगली, विश्रामबाग)

नमस्कार मंडळी. मी कुपवाड एमआयडीसीत कामाला आहे, रात्री पायथॉनमध्ये थोडंफार लिहितो. गेले चार महिने क्रिप्टो कॉइनच्या एका नियमाची बॅकटेस्ट करतोय, म्हणजे जुन्या भावांवर तो तपासतोय. नियम साधा आहे. रोज पहाटे साडेपाचला, म्हणजे यूटीसीप्रमाणे दिवसाची कँडल बंद झाली की, गेल्या तीन दिवसांत सगळ्यात जास्त पडलेला कॉइन बघायचा. 1 लाखाचे 20 भाग धरलेत, त्यातला एक भाग, म्हणजे 5,000, त्यात टाकायचा आणि पंधरा दिवसांनी विकायचा. तोच कॉइन दुसऱ्या दिवशीही सगळ्यात पडलेला असेल तर परत त्यातच.

जानेवारी 2021 ते डिसेंबर 2023 या काळात कागदावर 1 लाखाचे साडेसात लाख झाले. मे 2022 सारख्या महिन्यातही मोठा खड्डा नाही. पण मागच्या तीन महिन्यांपासून खोटे पैसे लावून रोज चालवतोय, तर सतत खालीच. फी धरली आहे, भावातली तफावतही धरली आहे. कॉइनची यादी बायनान्स एक्स्चेंजच्या `exchangeInfo` मधून घेतली, ज्यांचं स्टेटस `TRADING` आहे तेवढेच. चूक कुठे असेल?

पैलवान_टेक (मिरज)

चूक यादीतच आहे भावा. आज जे जिवंत आहेत तेवढेच तू 2021 मध्ये नेऊन बसवलेस. पडलेला कॉइन घ्यायचा नियम आणि यादी फक्त परत उठलेल्यांची, मग प्रत्येक घसरणीनंतर उसळी दिसणारच.

उपाय सोपा आहे. डीलिस्ट झालेले सगळे कॉइन आत घे आणि शेवटच्या दिवशी उणे शंभर टक्के धर. विषय संपला.

हळदगाडा (सांगली, मार्केट यार्ड)

माझेही काही कॉइन अडकलेत. ज्या एक्स्चेंजवर घेतले होते त्यांनी आधी पैसे काढणं बंद केलं आणि मग दुकानच मिटवलं. दोन वर्षं ईमेल करतोय, उत्तर नाही. ते परत मिळायचा काही मार्ग आहे का? डीलिस्ट झालेल्यांबद्दल चाललंय म्हणून विचारलं.

स्मिता_मिरज

काका, तुमचा प्रश्न वेगळा आहे. इथे जुन्या भावांवर नियम तपासायचं चाललंय. तुमच्या व्यवहारांचे ईमेल, ट्रान्झॅक्शनचे आयडी आणि बँकेचे उतारे मात्र जपून ठेवा. वेगळा धागा काढलात तर मी तिथे येते.

वारणाकाठ, पैलवानांचं निदान बरोबर आहे, औषध अर्धंच आहे. पण त्याआधी एक विचारते. भाव एका टेबलात कसे आणलेत? तेवढा कोड टाका. मला वाटतं, यादी सुधारलीत तरी तुमचा कोडच त्या कॉइनना परत बाहेर काढेल.

वारणाकाठ

ताई, हा घ्या:

```python
px = df.pivot(index="date", columns="symbol", values="close")
px = px.dropna(axis=1)
ret = px.pct_change()
```

दुसरी ओळ नसली की पुढे रिकाम्या जागांमुळे एरर यायची, म्हणून घातली.

स्मिता_मिरज

तीच ओळ. `dropna(axis=1)` म्हणजे ज्या रकान्यात एकही रिकामी जागा आहे तो अख्खा रकाना फेकून दे. जो कॉइन 2022 मध्ये बंद झाला त्याच्या रकान्यात शेवटी रिकाम्या जागा असणार, जो 2021 च्या मध्यात लिस्ट झाला त्याच्यात सुरुवातीला असणार. दोन्ही गेले. उरले कोण? जे जानेवारी 2021 च्या आधीपासून होते आणि तीन वर्षं एक दिवसही थांबले नाहीत, तेवढेच.

LUNA चं तुमच्याकडे काय झालं ते बघा. LUNAUSDT आजही `TRADING` दाखवतं, म्हणजे तुमच्या यादीत ते होतं. पण मे 2022 मध्ये ते कोसळलं आणि व्यवहार थांबले होते, त्यामुळे रकान्यात रिकाम्या जागा आल्या आणि या ओळीने त्याला टाकून दिलं. म्हणून तुम्हाला मेमध्ये खड्डा दिसला नाही.

तिसऱ्या ओळीतही सापळा आहे. पांडाजच्या जुन्या आवृत्तीत `pct_change()` रिकाम्या जागी आधीचा भाव आपोआप भरतं. मग बंद पडलेला कॉइन शेवटच्या भावावर शांत बसून राहतो, तोटा शून्य. `pct_change(fill_method=None)` असं स्पष्ट लिहा.

आपल्याकडे 2019 च्या पुरानंतर लोक गावभागात भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा बघून पाणी कुठवर आलं होतं ते सांगायचे. मातीच्या भिंतीची जी घरं बसली, त्यांच्यावर खूण राहिलीच नाही. तुमच्या टेबलात खुणा फक्त उभ्या राहिलेल्या भिंतींच्या आहेत.

तासगावकर

मग यादी कुठून आणायची? मी कॉइनमार्केटकॅपचे जुने साप्ताहिक स्नॅपशॉट वापरतो. जानेवारी 2021 मधला एक घेतला, पहिले 100 उचलले आणि तेच तीन वर्षं चालवले. त्यात मेलेलेही येतात की.

स्मिता_मिरज

मेलेले येतात, नवे येत नाहीत. 2021 मध्ये लिस्ट झालेले कितीतरी कॉइन वर्षभरात संपले, तुमच्या शंभरात ते कधीच नव्हते. यादी त्या त्या दिवशीची हवी, एकदाच गोठवलेली नको.

दुसरं, दोन ठिकाणचा डेटा नुसत्या चिन्हावरून जोडू नका. जानेवारी 2018 च्या स्नॅपशॉटमध्ये BCC म्हणजे बिटकनेक्ट. त्याच वेळी बायनान्सवर BCC म्हणजे बिटकॉइन कॅश. मी एकदा नाव स्नॅपशॉटमधून आणि भाव एक्स्चेंजमधून घेतला होता. त्या जानेवारीत बिटकनेक्ट कोसळलं आणि माझ्या टेबलात BCC शाबूत होतं, कारण तो भाव बिटकॉइन कॅशचा होता. आठवडाभर मला ते कळलं नाही.

बायनान्सवरच चालवायचं असेल तर `data.binance.vision` चा साठा घ्या. तिथे बंद झालेल्या जोड्यांच्या फाइलीही राहतात. `data/spot/monthly/klines/` खाली प्रत्येक जोडीचा फोल्डर आहे. पहिली फाइल कुठल्या महिन्याची आणि शेवटची कुठल्या, त्यावरून त्या जोडीचं आयुष्य समजतं. स्क्रिप्टने यादी ओढणार असाल तर एका वेळी 1000 च नावं येतात, पुढचं पान मागावं लागतं. नाही मागितलं तर वर्णानुक्रमात मागे असलेली नावं गायब होतात आणि एररही येत नाही. 2025 पासूनच्या स्पॉट फाइलींमध्ये वेळ मायक्रोसेकंदात आहे, त्याआधी मिलिसेकंदात. तुमचा काळ 2023 ला संपतो म्हणून आत्ता अडणार नाही, पुढे नेलात तर अडेल.

मग रोजची यादी अशी:

```python
px  = px.asfreq("D")
qv  = qv.asfreq("D")
v30 = qv.rolling(30, min_periods=30).sum()
uni = v30.where(px.notna()).rank(axis=1, ascending=False) <= 50
```

`qv` म्हणजे त्या दिवशी डॉलरमध्ये झालेली उलाढाल, फाइलीत ती वेगळ्या रकान्यात असते. गेल्या तीस दिवसांच्या उलाढालीत पहिले पन्नास, तेवढेच त्या दिवशी पात्र. आजचं मार्केट कॅप कुठेही शिरत नाही. USDT च्याच जोड्या घ्या, आणि त्यातून UP, DOWN, BULL, BEAR वाली लिव्हरेज टोकनं आणि स्टेबलकॉइन हातानं काढा. निव्वळ शेवटच्या अक्षरांवर गाळू नका, JUP सुद्धा UP नेच संपतं.

वारणाकाठ (चार दिवसांनी)

ताई, सगळं तसंच केलं. `dropna` काढलं, साठ्यातल्या सगळ्या USDT जोड्या घेतल्या. आणि आता उलटंच झालं. 1 लाखाचे कोटीच्या घरात गेले. 2022 च्या मेअखेरपर्यंत आलेख खाली येतोय आणि 31 मेला एका दिवसात सरळ वर, भिंतीसारखा. एकच सौदा आहे. पण कोड तीनदा वाचला, मला काही दिसत नाही.

स्मिता_मिरज

31 मे म्हटल्यावर कळलं. LUNA चे सगळे सौदे टाका, खरेदीची आणि विक्रीची तारीख आणि भाव.

वारणाकाठ

खरेदी 10, 11, 12 आणि 13 मे, चारही दिवशी सकाळी उघडत्या भावाला. भाव साधारण 30 डॉलर, मग 17, मग 1, आणि 13 ला एका सेंटच्याही आत. विक्री चारहींची 31 मे. पंधरा दिवसांनी विकायचं होतं, पण त्या तारखांना भावच नव्हता, म्हणून मी लिहिलं होतं की भाव मिळेपर्यंत थांब.

स्मिता_मिरज

आणि भाव मिळाला तो दुसऱ्याच कॉइनचा.

13 मेला जुन्या LUNA चे व्यवहार थांबले. 28 मेला नवी साखळी सुरू झाली, तिच्या कॉइनला LUNA हे नाव मिळालं आणि जुन्याचं नाव LUNC झालं. 31 मेपासून LUNAUSDT या नावाखाली जो भाव आहे तो नव्या कॉइनचा, काही डॉलरचा. तुमच्या कोडने सेंटच्या आत घेतलेलं जुनं LUNA नव्याच्या भावाने विकलं. 13 तारखेच्या 5,000 चे हजारभर पटीहून जास्त तिथून आले. 10 तारखेच्या सौद्यात उलटा फसवा परिणाम आहे. 30 ला घेतलेला कॉइन काही डॉलरला विकला, म्हणजे कागदावर बरेच पैसे परत आले. खरं तर तिथे जवळपास काहीच उरत नव्हतं.

हे पकडायची माझी रीत अशी. एखाद्या जोडीत तीन दिवसांपेक्षा मोठी फट दिसली की तिथे रकाना तोडायचा. फटीआधीचं `LUNAUSDT_1`, नंतरचं `LUNAUSDT_2`. दोन वेगळे कॉइन समजायचे, आणि मग एकेक फट हातानं तपासून कारण लिहायचं. कधी नुसतीच तांत्रिक देखभाल असते, तेव्हा परत जोडायचं. या कामाला एक रविवार जातो, पण त्याशिवाय बाकीचं सगळं वाळूवर.

पैलवान_टेक

म्हणजे माझंच खरं. `LUNAUSDT_1` ला शेवटी उणे शंभर.

स्मिता_मिरज

LUNA ला हो, जवळजवळ. पण सगळ्यांना तेच लावलंत तर दुसऱ्या बाजूने खोटं होईल. मोनेरो बघा. बायनान्सने 6 फेब्रुवारी 2024 ला जाहीर केलं की 20 फेब्रुवारीला XMR काढणार. जाहीर झालं त्याच दिवशी भाव 160 च्या वरून 120 च्या खाली आला, हा तोटा खरा. पण कॉइन मेला नाही, दुसरीकडे चालू राहिला आणि पुढे वर गेला. त्याला शून्य धरणं म्हणजे न झालेला तोटा लिहिणं.

तिसरा प्रकार नाव बदलण्याचा. MATIC ची जोडी सप्टेंबर 2024 मध्ये बंद झाली आणि POL सुरू झालं, एकास एक. तिथे डीलिस्ट दिसलं तरी कुणाचं काही गेलं नाही. VEN चं VET झालं तेव्हा एकाचे शंभर मिळाले, LEND चं AAVE झालं तेव्हा शंभराचा एक. हे गुणोत्तर न धरता जोडलंत तर शंभर पट नफा किंवा नव्याण्णव टक्के तोटा, दोन्ही खोटे. चौथा प्रकार, कॉइन तसाच राहतो, फक्त जोडी बंद होते. 2023 अखेरीस BUSD चा आधार काढला तेव्हा त्याच्या जोड्या गेल्या, कॉइन जागेवर होते.

म्हणून मी एक छोटं टेबल ठेवते. जोडी, शेवटचा दिवस, जाहीर झाल्याचा दिवस, प्रकार, पुढचं नाव, गुणोत्तर. नाव बदललं असेल तर गुणोत्तर लावून सौदा पुढे न्यायचा. जाहीर करून काढला असेल तर जाहीर झाल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण कँडलच्या बंद भावाला विकायचा, वर तफावत नेहमीपेक्षा जास्त धरायची, कारण त्या दिवशी विकणारे सगळेच असतात. अचानक थांबला असेल तर शून्य.

कराडकर_सीए (सातारा जिल्हा)

उशिरा आलो, पण कुणीच हे म्हणालं नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर, वर 4 टक्के सेस, आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. पुढच्या वर्षीही ओढता येत नाही.

वारणाकाठ यांचे LUNA चे चार भाग म्हणजे 20,000 गेले. समजा त्याच वर्षात बाकीच्या सौद्यांत बरोबर 20,000 मिळाले. करापूर्वी हिशेब शून्य, 1 लाखाचे 1 लाख. पण कर 20,000 वर लागतो, 6,000 आणि सेस 240. हातात 93,760. मेलेले कॉइन यादीत नसले तर टेस्टमध्ये फक्त त्यांचा तोटा लपत नाही, त्या तोट्याची वजावट मिळत नाही हेही लपतं. करानंतरचा आलेख काढत असाल तर कर प्रत्येक नफ्याच्या सौद्यावर वेगळा लावा, वर्षाच्या निव्वळ बेरजेवर नको. विक्रीवर 1 टक्का टीडीएस कापला जातो. तो विवरणपत्रात जमा धरला जातो, पण तोवर भांडवल अडकतं, आणि रोज सौदा करणाऱ्याला ते जाणवतं.

तासगावकर

हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी वर्षअखेरीला एकूण नफ्यावर 30 टक्के लावत होतो.

वारणाकाठ (दहा दिवसांनी)

झालं एकदाचं. फटी मोजल्या, टेबल भरलं. एकदोन फटी निव्वळ देखभालीच्या निघाल्या, त्या जोडल्या. बाकीच्यांचं कारण एक्स्चेंजच्या जुन्या घोषणा शोधून लिहिलं.

1 लाखाचे साडेसात लाख आधी. त्याच नियमाचे, त्याच तीन वर्षांत, आता 62 हजार. कर अजून लावलेला नाही. आणि हा आलेख माझ्या तीन महिन्यांच्या खोट्या पैशांच्या आलेखासारखा दिसतो, तसाच हळूहळू खाली. इतके दिवस मला वाटत होतं की रोज चालवण्यात काहीतरी चुकतंय.

एक गोष्ट बघून मी बराच वेळ तसाच बसलो. सगळे तोट्याचे सौदे मोठ्यापासून लावले, तर वरचे बहुतेक अशा कॉइनचे आहेत जे माझ्या पहिल्या टेबलात नव्हतेच. उसळीची सरासरी जवळपास तशीच आहे, ती खोटी नव्हती. न उठलेले तेवढे दिसत नव्हते.

पैलवानांच्या पद्धतीनेही चालवलं, सगळ्या बंद कॉइनना शून्य. तेव्हा 48 हजार. म्हणजे खरं उत्तर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी धरायचं का?

पैलवान_टेक

मला 48 वर विश्वास आहे. डीलिस्ट जाहीर झालेल्या दिवशी विकायला गेलास तर समोर घेणारा कोण असतो? ताई तफावत जास्त धरा म्हणतात, पण किती? तिथे कुणाकडेच आकडा नाही.

स्मिता_मिरज

ही शंका रास्त आहे. मोनेरोसारख्या मोठ्या कॉइनला घेणारे होते. लहान कॉइनला त्या दिवसाची कँडल दिसते ती बऱ्याचदा थोड्याशा उलाढालीवर. मी त्या दिवसाच्या उलाढालीच्या एक टक्क्यापेक्षा जास्त विकता येत नाही असं धरते. 5,000 रुपयांच्या भागाला ते बहुधा अडत नाही, 5 लाखांना अडेल. वारणाकाठ, दोन्ही टोकं दाखवा, 62 आणि 48. नियम दोन्हींत तोट्यात आहे, म्हणून तुमच्यापुरता फरक पडत नाही. एका टोकाला नफा आणि दुसऱ्याला तोटा आला असता तर मी त्या नियमाला हात लावला नसता.

जाहीर झाल्याची वेळही बघा. घोषणा भारतीय वेळेप्रमाणे दुपारी आली असेल तर तुमची पहाटेची खरेदी आधीच झालेली असते. आणि त्या घसरणीमुळेच दुसऱ्या दिवशी तुमचा नियम तोच कॉइन परत घेतो. असे सौदे किती आहेत ते मोजा.

वारणाकाठ

मोजले. अकरा. म्हणजे काढणार म्हणून जाहीर झालेलाच कॉइन मी दुसऱ्या दिवशी घेत होतो, अकरा वेळा. आता घोषणा झालेल्या कॉइनला त्या दिवसापासून यादीतून बाहेर ठेवतो, ती माहिती तर त्या दिवशी सगळ्यांनाच होती.

तासगावकर

माझा अजून एक प्रश्न आहे. मी एफटीएक्सच्या भावांवर जुन्या टेस्ट केल्या होत्या. नोव्हेंबर 2022 मध्ये ते दिवाळखोरीत गेलं, आता तिथून काही ओढता येत नाही. तिथे लिस्टेड होते आणि दुसरीकडे नव्हते अशा कॉइनचं काय करायचं?

स्मिता_मिरज

तुमच्याकडे तेव्हा उतरवलेल्या फाइली असतील तर त्या सोन्यासारख्या जपा. नसतील तर त्या कॉइनवर टेस्ट केली असं म्हणू नका. एक्स्चेंज बुडालं की पैसेही अडकतात, ते कुठल्याच कॉइनच्या भावात दिसत नाही. हळदगाडा काकांचं वर जे झालं ते हेच, आणि ते बॅकटेस्टमध्ये कसं लिहायचं यावर मला अजून पटेल असं उत्तर मिळालेलं नाही.

हळदगाडा

ताई, मी कागद शोधले. ट्रान्झॅक्शनचे आयडी सापडले, बँकेचे उतारेही आहेत. नवा धागा काढतो.

वारणाकाठ

काका, लिंक इथे टाका.

ताई, शेवटचं एक. जुनं LUNA ज्यांच्याकडे होतं त्यांना नवं LUNA वाटलं गेलं होतं, थोडं लगेच आणि बाकी हप्त्याहप्त्याने. 10 मेला घेतलेल्या माझ्या भागाला ते मिळालं असतं का? टेबलात त्याचा रकाना करू का?

स्मिता_मिरज

वाटप कोसळण्याआधीची आणि नंतरची शिल्लक वेगवेगळी धरून झालं होतं. तुमची खरेदी मधली. 12 आणि 13 तारखेला घेतलेल्या भागात कॉइनची संख्या प्रचंड होती, त्यामुळे तो प्रश्न क्षुल्लक नाही. मी माझ्या टेबलात शून्य धरलंय आणि शेजारी तशी नोंद केली आहे. कुणी गुणोत्तर लावून हिशेब केला असेल तर इथे टाका, मलाही बघायचाय.